हँडबिल छापायला देण्याआधी प्रूफ कसं तपासावं

दिवाळीच्या आधी दीड-दोन महिने माझ्याकडे फराळाच्या हँडबिलांची रांग लागते. मी डीटीपी करतो, म्हणजे चूक झाली की पहिला फोन मलाच येतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. पत्रक 'वाचून' चुका सापडत नाहीत. आपल्याला मजकूर पाठ असतो, त्यामुळे डोळा कागदावर काय आहे ते न बघता काय असायला हवं ते बघतो. म्हणून प्रत्येक आकडा कागदाबाहेरच्या एखाद्या गोष्टीशी जुळवून घ्यायचा: दरपत्रकाशी, कॅलेंडरशी, खऱ्या फोनशी. आणि एका फेरीत एकच गोष्ट बघायची. भाव बघताना शुद्धलेखनाकडे ढुंकूनही पाहू नका, तिथे लक्ष गेलं की भाव निसटतो.

उदाहरणासाठी घरगुती फराळ करणाऱ्या एका काकूंचं ए-फाइव्ह आकाराचं पत्रक घेऊ. दिवाळी २०२६ची. बहुतेकांसारखी यांचीही फाइल नवी नाही, गेल्या वर्षीचीच उघडून बदललेली आहे. निम्म्या चुका त्या जुन्या फाइलीतूनच येतात.

आधी प्रूफ कागदावर काढा

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर प्रूफ तपासू नका. फोटो दाबला जातो, अनुस्वार आणि दशांशचिन्हं पुसट होतात, आणि मोबाइलवर आपण हवं तेवढं झूम करून बघतो, ग्राहक तसं बघणार नाही. डीटीपीवाल्याकडून पीडीएफ मागवा आणि साध्या प्रिंटरवर खऱ्या आकारात काढा. 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर आकार बदलतो. सोबत मूळ हस्तलिखित किंवा दरांची वही हवीच. ती नसेल तर प्रूफ कशाशी ताडून बघणार?

पहिली फेरी: भाव

एकाने वहीतून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून बघायचं. उलटं करू नका. प्रूफ वाचणारा चुकीचा आकडाही ठामपणे वाचतो आणि वही धरलेला 'हो हो' म्हणत जातो.

ते झालं की आकड्यांची आपसातली गणितं करा. काकूंच्या प्रूफवर भाव असे होते. भाजणीची चकली किलोला ₹५६०, अर्धा किलो ₹२९०, पाव किलो ₹१५०. अर्ध्या किलोची दुप्पट ५८०, पाव किलोची चौपट ६००. लहान पुडा थोडा महाग पडतो, कारण पिशवी आणि वजन करण्याची मेहनत तेवढीच लागते. तेव्हा ही ओळ बरोबर. पोह्यांचा चिवडा ४००, २१०, ११० आणि शंकरपाळी ४४०, २३०, १२०. याही ओळी जुळतात. बेसनलाडू मात्र किलोला ₹६४० आणि अर्धा किलो ₹२३०. त्याची दुप्पट होते ४६०. म्हणजे अर्ध्या किलोचे दोन पुडे घेणाऱ्याचे १८० रुपये वाचले असते, आणि आपली गिऱ्हाइकं हिशोबात कच्ची नाहीत. वहीत होतं ३३०. एका कळीची चूक.

हीच चूक दुसऱ्या बाजूनेही पकडता आली असती. खाली 'फराळ संच' होता: चारही पदार्थ अर्धा-अर्धा किलो, ₹९९९ फक्त. २९०, २१०, ३३० आणि २३० यांची बेरीज १,०६०, म्हणजे संचात ६१ रुपये वाचतात. लाडू २३० धरले तर बेरीज ९६० होते आणि संच सुट्या खरेदीपेक्षा महाग पडतो! शिवाय संचाशेजारच्या लाल चांदणीत लिहिलं होतं, '१०१ रुपयांची बचत'. गेल्या वर्षी संच ८९९ला होता आणि सुट्याची बेरीज हजार, तेव्हाची ती चांदणी. चांदणी, पट्टी, गोल शिक्का या गोष्टी मजकुरात मोजल्याच जात नाहीत, म्हणून जुना आकडा तिथेच लपून बसतो.

या गणिताला एक मर्यादा आहे. चिवड्याचे तिन्ही भाव शंकरपाळीसमोर आणि शंकरपाळीचे चिवड्यासमोर गेले, तर प्रत्येक ओळ आपापल्या जागी बिनचूक जुळेल. ही अदलाबदल फक्त वही समोर धरूनच कळते. म्हणून दोन्ही करायचं, आधी वही आणि मग बेरीज.

कुठे '₹५६०', कुठे 'रु. ५६०/-' आणि कुठे 'रुपये' असं नको. एक पद्धत ठरवा. करासह भाव आहे का, घरपोच पोहोचवण्याचे वेगळे पैसे आहेत का, हेही याच फेरीत बघा. फोनवर सर्वात जास्त वाद याच दोन गोष्टींवरून होतात.

दुसरी फेरी: तारखा

कॅलेंडर हातात घ्या, मोबाइलचं चालेल. गेल्या वर्षी काकूंची नोंदणीची शेवटची तारीख होती 'रविवार, १२ ऑक्टोबर'. यंदा ती ३१ ऑक्टोबर केली आणि प्रूफवर आलं 'रविवार, ३१ ऑक्टोबर'. २०२६मध्ये ३१ ऑक्टोबरला शनिवार आहे. तारीख बदलणारा वार बदलायला विसरतो, ही इतकी नेहमीची चूक आहे की मी आता वार वाचतच नाही, थेट कॅलेंडर उघडतो. तारीख तीच ठेवून नुसतं वर्ष बदललं तरी वार एकाने पुढे सरकतो, मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोनाने.

सणांच्या तारखा पाठांतरावर सोडू नका. लक्ष्मीपूजन २०२५मध्ये २१ ऑक्टोबरला, मंगळवारी होतं. २०२६मध्ये ते ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. २०२५मध्ये तर २० की २१ यावरूनच गोंधळ झाला. आपल्याकडच्या पंचांगांत २१ होती, उत्तरेत अनेक ठिकाणी २०लाच दिवाळी झाली. त्यामुळे इंटरनेटवर पहिली दिसलेली तारीख उचलू नका, तुमचं गिऱ्हाईक जे पंचांग भिंतीवर लावतं ते बघा.

मग तारखांचा क्रम लावा. पत्रक पेपरातून वाटलं जाणार रविवारी २५ ऑक्टोबरला, नोंदणी ३१पर्यंत, फराळ मिळणार ३ ते ६ नोव्हेंबर. प्रत्येक तारीख आधीच्या तारखेनंतर येते ना? महिना अक्षरांत लिहा, '३/११' लिहू नका. आणि तळाशी बारीक अक्षरांत 'दिवाळी २०२५' राहिलं आहे का, ते शोधा. जवळजवळ दरवेळी राहिलेलं असतं.

तिसरी फेरी: फोन नंबर

नंबर डोळ्यांनी तपासायचा नाही. प्रूफवर बघून, एकेक अंक दाबून खरा फोन लावायचा. नाव सेव्ह असलेल्या फोनवरून नको, कारण तीन-चार अंक दाबले की तो पुढचं स्वतःच सुचवतो आणि आपण तेच निवडतो. बायकोचा किंवा शेजाऱ्याचा फोन घ्या. समोरून काकूंचाच आवाज आला पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर वेगळा असेल तर त्यावर 'प्रूफ तपासतोय' असा संदेश टाकून बघा.

त्याआधी अंक मोजा. मोबाइलचे दहा, आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९नेच. लँडलाइन असेल तर एसटीडी कोडसह लिहा, पुण्याला ०२० आणि पुढे आठ अंक.

नंबर चुकतो तो बहुधा सांगताना. आपण जोडीजोडीने सांगतो आणि 'एकोणनव्वद' फोनवर 'नव्व्याण्णव' ऐकू येतं, 'पंचाहत्तर'चं 'पंच्याऐंशी' होतं. तपासताना म्हणूनच 'आठ, नऊ' असं सुटं सुटं म्हणा. दुसरी भानगड अंकांच्या लिपीची. मराठी ४ घाईत इंग्रजी आठसारखा दिसतो आणि मराठी ७ उलट्या इंग्रजी नऊसारखा. एकाच नंबरात अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी अंक आले की लोक चुकीचा फोन लावणारच. माझं मत विचाराल तर फोन नंबर पूर्ण इंग्रजी अंकांत ठेवावा, कारण फोनच्या कळांवर तेच असतात, आणि बाकी पत्रक मराठी अंकांत. पण तुमचा जो काही नियम ठरेल तो पाळा.

पैसे घेण्याचा क्यूआर कोड असेल तर तो कागदी प्रूफवरून स्कॅन करा आणि पडद्यावर कोणाचं नाव येतं ते वाचा. जुन्या फाइलीत कधी धाकट्या दिराचा कोडही राहिलेला असतो. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयचा क्रमांक छापत असाल तर तो चौदा अंकी असतो, प्रमाणपत्र समोर धरूनच जुळवा.

चौथी फेरी: शब्द

इथे 'शुद्ध काय' यापेक्षा 'सगळीकडे एकच आहे का' हे आधी बघा. काकूंच्या पत्रकात वर 'शंकरपाळी', यादीत 'शंकरपाळे' आणि संचात 'शंकरपाळ्या' होतं. 'अनारसे' आणि 'अनरसे' दोन्ही होते. 'किलो' आणि 'कि.' आलटून पालटून. एका चिठ्ठीवर ठरलेली रूपं लिहून ठेवा: शंकरपाळी, अनारसे, किलो, मोबाइल. मग एकेक शब्द घेऊन सगळं पत्रक शोधा. दुकानाचं नाव मात्र पाटीवर आहे तसंच, व्याकरण काहीही म्हणो.

मथळा शेवटी, शेवटच्या ओळीपासून वर असा वाचा. सर्वात मोठ्या अक्षरांतली चूक सर्वात उशिरा दिसते, हा माझा अनुभव. 'दीपावली'चा दीर्घ 'दी' ऱ्हस्व होऊन 'दिपावली' झालेली चूक चार इंच रुंद अक्षरांत छापलेली मी पाहिली आहे.

तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये पाठवला आणि डीटीपीवाल्याने तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला असेल, तर जोडाक्षरं नीट बघा. 'खोबऱ्याच्या'मधला अर्धा र, 'प्र' आणि 'र्‍हस्व'सारखी अक्षरं, अनुस्वार, आणि ₹ हे चिन्ह. जुन्या फॉन्टमध्ये ₹च्या जागी चौकोन किंवा भलतंच अक्षर येतं. तुमची मूळ फाइल बरोबर असूनही हे होतं, म्हणून 'मी तर बरोबरच पाठवलं होतं' याचा उपयोग नाही.

दुरुस्तीनंतर

चुका लाल पेनाने समासात लिहा आणि एकदाच द्या. फोनवर पाच वेळा सांगितलेल्या दुरुस्त्यांपैकी एक हमखास राहते. दुसरं प्रूफ आलं की फक्त ती चूक बघू नका, वरखालच्या ओळीही बघा. अक्षरांची आकृती करून टाकली असेल, म्हणजे कर्व्ह केलं असेल, तर आकडा टाइप करून बदलता येत नाही. डीटीपीवाला नवा आकडा वर चिकटवतो आणि त्याखाली शेजारचा शब्द झाकला जातो. लाडवाचे २३०चे ३३० करताना 'किलो'चा 'कि' गायब झाला होता.

सगळं जुळलं की त्याच कागदावर 'छापण्यास मंजूर', सही आणि तारीख टाका, आणि मोबाइलवरची आधीची सगळी पीडीएफ पुसून टाका. 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल काकू' अशा तीन फायलींतून प्रेसला नेमकी मधली गेल्याचं मी भोगलं आहे. शक्य असेल तर प्रेसवर जा आणि मशिनमधून निघालेला पहिला कागद मागा. पाच हजारांची रास लागण्याआधी त्या कागदावर बघून पुन्हा एकदा फोन लावा.