एकाच फोनवर दोघांचे गेम: प्रोफाइल करण्याआधीची तयारी

आमच्याकडे गेम खेळायला आईचा एकच फोन आहे आणि दोघेही भावंडं त्यावर ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ खेळतात. धाकटीने दादाच्या गावातलं सोनं खर्च केलं तेव्हा रडारड झाली. म्हणून शनिवारी दोन प्रोफाइल करायचं ठरलंय.

आधी फोनमध्ये ही सोय आहे का ते बघावं. Settings उघडून वरच्या शोधात users असं लिहायचं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ती System च्या आत Users किंवा Multiple users या नावाने असते. सॅमसंगच्या टॅबवर ती मिळते, फोनवर नाही. आयफोनवरही नाही.

मग दादाचं गाव पक्कं करावं आणि हे काम नवं प्रोफाइल करण्याआधीच उरकावं. गेमच्या सेटिंगमध्ये सुपरसेल आयडी, म्हणजे गेमच्या कंपनीचं प्रगती जपणारं खातं, जोडलेला आहे का, कोणत्या ईमेलला, ते वहीत लिहून ठेवायचं. ज्या गेमची प्रगती फक्त फोनमध्ये साठते, उदाहरणार्थ माइनक्राफ्टमधली आपण बांधलेली जगं, तो गेम जुन्या प्रोफाइलमध्येच राहू द्यावा. प्रोफाइल नवं केलं की त्यात जुनं काही आपोआप येत नाही.

जागाही तपासावी. ॲप दोघांत एकच असलं तरी गेमचा डेटा प्रत्येकाचा वेगळा साठतो, त्यामुळे मोठ्या गेमला जवळपास दुप्पट जागा लागू शकते.

आता धाकटीचं प्रोफाइल. ती चौदा वर्षांची आहे, तिचं स्वतःचं गूगल खातं आहे. तेच घालायचं, आईचं नाही. सगळी गल्लत इथेच होते. आईचं खातं घातलं तर काही गेम त्या खात्यावर ठेवलेली जुनी प्रगती शोधून ‘ती उघडू का?’ असं विचारतात. असा प्रश्न दिसला की होकार न देता गेम बंद करावा आणि कोणतं खातं आहे ते बघावं. नव्या प्रोफाइलला फोन व एसएमएस वापरू द्यायचे का हे आई ठरवेल; ओटीपी तिच्या फोनवर येतात, म्हणून आम्ही ते बंदच ठेवणार. आईच्या प्रोफाइलला पिन हवाच, नाहीतर कुणीही परत तिकडे जाईल.

झालं की दोन्हीकडे एकेक लढाई खेळून, प्रोफाइल आलटूनपालटून गावं पाहायची. धाकटीकडे गेमच्या सुरुवातीच्या शिकवणीपासून नवं गाव सुरू झालं, म्हणजे जमलं.

मे महिन्यात येणाऱ्या मावसभावाला Guest पुरे. गेस्टचा डेटा सत्र संपवताना पुसला जाऊ शकतो, म्हणून त्याने तिथे आठवडाभर चालवायचा गेम सुरू करू नये, हे त्याला आल्या दिवशीच सांगायचं. धाकटीचं प्रोफाइल कुणी Delete user करून काढलं, तर तिचं गाव तिच्या सुपरसेल आयडीमुळेच परत मिळेल; तो आयडी त्याच शनिवारी जोडायचा.