मोडीच्या वर्गाची घोषणा कशी लिहावी: अभ्यासक्रम, कालावधी, फी-परतावा आणि मोफत पहिला तास

मी पहिल्यांदा मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग जाहीर केला, तेव्हा घोषणेत ठळक ओळ होती: ‘मोडी शिका, घरातली जुनी कागदपत्रं स्वतः वाचा!’ त्या ओळीवर विसंबून एक काका आले. त्यांच्याकडे पणजोबांच्या जमिनीचा एक कागद होता, घडीवर फाटलेला, आणि त्याचा मोबाइलवर तिरका काढलेला फोटो. सहाव्या वर्गाला त्यांनी विचारलं, “मॅडम, हा कधी वाचता येणार?” खरं उत्तर होतं, या वर्गात बहुतेक नाही. त्यांनी फी परत मागितली. परताव्याचा नियम मी कुठेच लिहिला नव्हता, त्यामुळे किती द्यायचे यावर आठवडाभर ताणाताणी झाली. चूक माझीच होती.

तेव्हापासून मी घोषणा एकाच कसोटीवर तपासते: ज्याचं काम या वर्गाने होणार नाही, त्याला ती वाचूनच ते कळलं पाहिजे. उदाहरण मोडीचं घेते, कारण तेच माझं काम आहे. तारखा आणि रकमा पुढच्या तुकडीच्या आहेत.

आधी शेवटचा वर्ग ठरवा

अभ्यासक्रम लिहायला घेताना पहिल्या दिवसापासून सुरुवात करू नका. शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यासमोर कोणता कागद ठेवणार ते ठरवा. मोडीत हा फरक फार मोठा आहे. शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीची वळणं वेगळी. पेशवाईतसुद्धा चिटणीसी, बिवलकरी अशी वळणं आहेतच. चिटणीसी सफाईने वाचणारा माणूस इंग्रजी अमदानीतल्या एखाद्या तलाठ्याच्या घाईच्या अक्षरापुढे अडखळतो.

आणि येणाऱ्यांना हवं असतं ते वेगवेगळं. 2023मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर गावोगावची जन्म-मृत्यूची रजिस्टरं चर्चेत आली आणि मोडी शिकणाऱ्यांची चौकशी एकदम वाढली. या मंडळींना एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं अक्षर हवं असतं. इतिहासाच्या ओढीने येणाऱ्याला पेशवे दफ्तरातलं पत्र वाचायचं असतं. दोघांना एकाच वर्गात सोळा तासिकांत दोन्ही देतो म्हणणं म्हणजे कोणालाच काही न देणं.

म्हणून मी घोषणेत शेवट असा लिहिते: ‘सोळाव्या वर्गात तुम्ही पेशवेकालीन, सुवाच्य अक्षरातलं एक पानी पत्र तक्ता जवळ ठेवून वाचाल.’ यातला प्रत्येक शब्द मोजून घातला आहे. ‘सुवाच्य’, ‘एक पानी’ आणि ‘तक्ता जवळ ठेवून’ काढले, तर वाक्य छान दिसतं, पण काका परत येतात.

मग अभ्यासक्रम, आणि अवघड जागा उघड

‘ओळख, सराव, उजळणी’ असा अभ्यासक्रम कोणत्याही विषयाला चालतो, म्हणजेच तो काही सांगत नाही. प्रत्येक दोन वर्गांपुढे विद्यार्थ्याच्या हातून काय घडेल ते लिहा. माझे पहिले दोन वर्ग: आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवायची, स्वतःचं नाव लिहायचं. तिसरा वर्ग बाराखडीचा. इथे लोकांना आनंद होतो, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. चौथ्या वर्गात तो आनंद ओसरतो. खऱ्या पत्राची पहिली ओळ समोर येते, तिच्यात शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, आणि अक्षरं ओळखता येऊनही शब्द कुठे तुटतो ते कळत नाही.

पूर्वी हा धक्का मी सातव्या वर्गापर्यंत लांबवत असे. आता मुद्दाम चौथ्यात आणला आहे. कारण परताव्यात सांगते.

पाच ते दहा या वर्गांत जोडाक्षरं, शब्द तोडणं आणि रोजच्या वापरातले संक्षेप. अकरा-बाराला तारखा. हा भाग घोषणेत एका उदाहरणाने दाखवला तर वर्णनाची गरजच उरत नाही. पत्रात ‘सीत सबैन मया व अलफ’ असं येतं. सीत म्हणजे सहा, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे शुहूर सन, त्या काळच्या पत्रांतली वर्षगणना, 1176 झाला. त्यात 599 मिळवले की इसवी सन 1775. मात्र हे वर्ष मृगाला, म्हणजे मे अखेर-जूनच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून मेपर्यंतच्या महिन्यांसाठी 600 मिळवायचे. हे वाचून ज्याचे डोळे चमकतात तो आपला विद्यार्थी. शेवटचे चार वर्ग फक्त वाचन.

अभ्यासक्रमाखाली ‘या वर्गात नाही’ अशी एक ओळ हवीच. माझ्या ओळीत तीन गोष्टी असतात: जमिनीच्या आणि जातीच्या दाव्यांसाठी लिप्यंतर करून मिळणार नाही, आंग्लकालीन महसुली अक्षर शिकवलं जाणार नाही, माझं प्रमाणपत्र सरकारी नाही. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, त्यामुळे लोकांची गल्लत होते. ती आपणहून दूर करा. फसवी जाहिरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, आणि गप्प राहून झालेली दिशाभूलही शेवटी दिशाभूलच.

कालावधी म्हणजे कॅलेंडर

‘दोन महिने’ असं लिहू नका. सगळे वार आणि तारखा कॅलेंडर समोर ठेवून मोजा. माझी तुकडी शनिवार 3 ऑक्टोबर 2026ला सुरू होते. शनिवार-रविवार, रात्री 8 ते 9.30. आठ आठवडे मोजले तर 22 नोव्हेंबरला संपायला हवी. पण 8 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आहे, त्यामुळे 7 आणि 8ला सुट्टी, आणि शेवटचा वर्ग 29 नोव्हेंबरला. ही सुट्टी आधी लिहिली नाही, तर दिवाळीच्या आठवड्यात पडद्यावरची निम्मी नावं गायब होतात आणि ‘वर्ग बुडाला’ अशी तक्रार येते.

परदेशातले मराठी विद्यार्थी असतील तर ‘भारतीय वेळ’ हे शब्द घाला आणि घड्याळं बदलण्याची तारीख सांगा. या तुकडीत ब्रिटनमधली घड्याळं 25 ऑक्टोबरला आणि अमेरिकेतली 1 नोव्हेंबरला एक तास मागे जातात. न्यू यॉर्कमध्ये सकाळी साडेदहाला बसणारीला त्या दिवसापासून साडेनऊला बसावं लागतं. एकदा माझी एक विद्यार्थिनी बरोबर तासभर उशिरा आली होती, वर्ग संपत आल्यावर हात हलवत.

घरच्या सरावाचा वेळही कालावधीतच धरा. मोडी हाताने लिहिल्याशिवाय डोळ्यात बसत नाही. मी रोज वीस मिनिटं सांगते आणि आठवड्याला दोन पानांचे फोटो मागते. ते मीच तपासते, म्हणून जागा वीसच.

परतावा: टक्के नकोत, तारीख आणि आकडा द्या

फी 3,200 रुपये, वर्ग सोळा. म्हणजे एक वर्ग 200 रुपयांचा. फी सोळाने भागली जाईल अशीच ठेवली आहे, म्हणजे हिशेब विद्यार्थ्यालाही तोंडी करता येतो. नियम असा: पहिल्या वर्गाआधी कळवलं तर पूर्ण 3,200 परत. सोमवार 12 ऑक्टोबर, रात्री 10 वाजेपर्यंत कळवलं तर झालेल्या वर्गांचे 200 प्रमाणे वजा करून बाकी परत. चार वर्ग झाल्यावर सोडणाऱ्याला 2,400 मिळतात. हजर होता की नाही हे मी बघत नाही. वर्ग झाला की तो मोजला. ‘मी दोनच वर्गांना होतो’ हा वाद त्यामुळे उभाच राहत नाही. 12 ऑक्टोबरची मुदत उलटल्यावर परतावा नाही.

मुदत चौथ्या वर्गानंतरच का? कारण खऱ्या पत्राची ओळ चौथ्या वर्गात येते. अवघड भाग मुदतीनंतर ठेवला, तर परताव्याचा नियम कागदावर उदार आणि प्रत्यक्षात निरुपयोगी होतो. विद्यार्थ्याला काही न विचारता निघून जाता आलं पाहिजे, आणि तेही नेमकं कशातून निघतोय हे कळल्यावर.

दोन गोष्टी बहुतेक शिक्षक विसरतात. तुमच्यामुळे वर्ग रद्द झाला तर काय? माझं उत्तर: आठवड्याच्या आत भरपाईचा वर्ग, नाही तर 200 रुपये परत, मुदत उलटली असली तरी. आणि तुकडीच भरली नाही तर? आठपेक्षा कमी नावं आली तर 30 सप्टेंबरला सर्वांना पूर्ण फी परत. परतावा किती दिवसांत आणि कसा, हेही लिहा: सात दिवसांत, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात. गेटवेने फी घेत असाल तर त्याचं शुल्क कोणी सोसायचं ते आधी ठरवा. मी सोसते, रक्कम किरकोळ असते आणि वाद मोठा.

मोफत तास: नमुना खरा असू द्या

मोफत तासात मोडीचा इतिहास सांगू नका. मीही एकदा सांगितला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नावं घातली, आणि दुसऱ्या आठवड्यात पेन उचलायला कंटाळले. आता साठ मिनिटांत पंचवीस मिनिटं लिहून घेते, दहा-बारा अक्षरं. पुढची वीस मिनिटं त्याच अक्षरांचे शब्द वाचायचे. मग पाच मिनिटं खऱ्या पत्राचा एक तुकडा दाखवते, न वाचता, म्हणजे डोंगर किती उंच आहे ते कळतं. उरलेली दहा मिनिटं प्रश्नांना. फीचा विषय कोणी विचारला तरच.

दिवस बघून ठेवा. अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला आहे, पुण्यात मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, म्हणून मोफत तास रविवारी 27ला. सुरुवात आणि मोफत तास यांत पाच-सहा दिवस पुरतात. जास्त ठेवले तर उत्साह विरतो.

आता घोषणा मजकुरात उतरवा

फक्त पोस्टर करू नका. पोस्टरवरची तारीख मोबाइलवर शोधता येत नाही, आणि वर्ष नसेल तर ते दोन वर्षांनीही फिरत राहतं. मजकूर पाठवा, सोबत मोडीच्या एका ओळीचं चित्र जोडा. मोडीला युनिकोडमध्ये 2014पासून जागा आहे, तरी बऱ्याच फोनवर फॉन्ट नसल्याने टाइप केलेली अक्षरं चौकोन होऊन पोहोचतात. व्हॉट्सॲप लांब मजकूर घडी करून दाखवतं, म्हणून तारीख आणि फी वरच्या ओळींत.

> मोडी वाचन, पेशवेकालीन अक्षर, नवशिक्यांसाठी. 3 ऑक्टोबर ते 29 नोव्हेंबर 2026, शनि-रवि रात्री 8 ते 9.30 (भारतीय वेळ), 7-8 नोव्हेंबर सुट्टी. 16 वर्ग, फी 3,200 रु., जागा 20.
> शेवटी: सुवाच्य अक्षरातलं एक पानी पत्र तक्त्याच्या मदतीने वाचाल. रोज 20 मिनिटं लिखाण लागेल.
> नाही: दाव्यांसाठी लिप्यंतर, महसुली अक्षर, सरकारी प्रमाणपत्र.
> परतावा: पहिल्या वर्गाआधी पूर्ण, 12 ऑक्टोबर रात्री 10 पर्यंत, झालेल्या वर्गांचे प्रत्येकी 200 रु. वजा करून; नंतर नाही. माझ्यामुळे वर्ग बुडाला तर भरपाई किंवा 200 रु. परत. 8 पेक्षा कमी नावं आली तर 30 सप्टेंबरला पूर्ण फी परत. परतावा 7 दिवसांत.
> मोफत तास: रविवार 27 सप्टेंबर 2026, रात्री 8. वही-पेन घेऊन बसा.

पाठवण्याआधी हे विषयाशी संबंध नसलेल्या एका माणसाला द्या आणि विचारा: चार वर्गांनंतर सोडलं तर किती मिळतील? त्याने 2,400 म्हटलं तर पाठवा. माझ्या भावाने पहिल्यांदा 1,600 सांगितलं होतं, कारण त्या मसुद्यात मी ‘पन्नास टक्के’ लिहिलं होतं.