चारही पर्याय चुकीचे वाटतात तेव्हा या चुका टाळा

गणित सोडवून झालं, उत्तर आलं, आणि चारही पर्यायांत ते कुठेच नाही. अशा वेळी बहुतेक मुलं तेच गणित त्याच रीतीने पुन्हा सोडवायला घेतात. पहिली चूक इथेच होते, कारण दुसऱ्या वेळी आपण प्रश्न वाचतच नाही, कच्च्या कामात उतरवून घेतलेले आकडे वाचतो. उतरवताना त्रिज्येच्या जागी व्यास लिहिला गेला असेल, तर तो व्यास कितीही वेळा सोडवला तरी तीच चूक परत येणार. म्हणून कच्चं काम हाताने झाकायचं आणि छापलेला प्रश्न शब्दाशब्दावर पेन ठेवून वाचायचा. विचारलंय काय, एकक कोणतं, ‘नाही’ किंवा ‘चुकीचे’ असा शब्द कुठे दडलाय का, एवढंच बघायचं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या ‘पर्याय चुकलेत’ या तक्रारी बहुतेक वेळा इथेच मिटतात.

कधी उत्तर बरोबर असतं, फक्त वेगळ्या रूपात. तुमचं उत्तर १/(√५ − २) आलं आणि पर्यायात √५ + २ दिसतंय, तर दोन्ही एकच आहेत. छेदाचं परिमेयीकरण सुचलं नाही तर सरळ दशांशात आणा. √५ म्हणजे साधारण २.२३६, म्हणून १ ÷ ०.२३६ म्हणजे ४.२३ च्या आसपास, आणि २.२३६ + २ सुद्धा तेवढंच.

एवढं करूनही जमलं नाही, तर संशय प्रश्नावर घ्यायला हरकत नाही. हे कसं करायचं ते एका उदाहरणावरून दाखवतो.

एका आयताची परिमिती ४० सेमी व क्षेत्रफळ १२० चौसेमी आहे, तर त्याच्या कर्णाची लांबी किती सेमी? पर्याय: (अ) १३ (ब) १५ (क) १७ (ड) १९.

सवयीने आपण असं करतो: लांबी आणि रुंदी यांची बेरीज २०, गुणाकार १२०. कर्णाचा वर्ग म्हणजे बेरजेचा वर्ग वजा गुणाकाराची दुप्पट, म्हणजे ४०० − २४० = १६०. कर्ण √१६०, साधारण १२.६५. हे पर्यायात नाही. मग ‘जवळचं’ म्हणून १३ चा गोल काळा केला जातो. सगळ्यात महागात पडणारी चूक ही. प्रश्नात ‘अंदाजे’ किंवा ‘सर्वांत जवळचा पर्याय’ असं म्हटलेलं नसेल, तर जवळच्या उत्तराला काही अर्थ नसतो. पर्याय नेमके पूर्णांक आहेत, म्हणजे प्रश्न काढणाऱ्याचं उत्तरही नेमका पूर्णांकच होता.

आता सूत्र बाजूला ठेवा आणि विचारा, असा आयत असू तरी शकतो का? परिमिती ४० ठेवून जास्तीत जास्त क्षेत्रफळ मिळतं ते चौरसाचं, १० × १० म्हणजे १००. मग १२० येणार कुठून? आयतच अस्तित्वात नाही. तरीही सूत्राने निमूटपणे √१६० काढून दिलं, आणि दडलेली चूक ओळखायला अवघड जाते ती यामुळेच. दिलेली माहिती एकमेकींशी जुळते का, हे सूत्र तपासत नाही, ते आपल्यालाच तपासावं लागतं. भूमितीत अशा दोन-तीन मर्यादा डोक्यात पक्क्या हव्यात. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठीच असते. काटकोन त्रिकोणात कर्णावर टाकलेला लंब कर्णाच्या निम्म्याहून मोठा होत नाही. कर्ण १० आणि त्यावरचा लंब ६ दिला असेल, तर क्षेत्रफळ ३० ‘येतं’, पण तसा त्रिकोण काढताच येत नाही.

प्रश्न चुकलाय हे कळलं, तरी काम संपत नाही. आता पर्यायांकडून मागे या. क्षेत्रफळ १२० खरं धरा आणि प्रत्येक कर्णाच्या वर्गात २४० मिळवा. तो बेरजेचा वर्ग यायला हवा. १३ ला ४०९, १५ ला ४६५, १९ ला ६०१, यातली एकही पूर्णवर्ग संख्या नाही. १७ ला मात्र २८९ + २४० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग. बेरीज २३, परिमिती ४६, आयत १५ × ८. मूळ प्रश्नात ४६ होतं आणि छपाईत ६ चा ० झाला, हे जवळजवळ नक्की. उत्तरसूची मूळ प्रश्नावरून केलेली असेल, तर तिथे (क) असणार.

या रीतीची मर्यादाही लक्षात ठेवा. एकच आकडा चुकला असेल आणि दुरुस्त केल्यावर एकच पर्याय स्वच्छ बसत असेल, तरच तिच्यावर विसंबायचं. दोन पर्याय बसले, तर तो फक्त अंदाज उरतो. प्रश्नपत्रिका दोन भाषांत असेल तर हा सगळा खटाटोप करण्याआधी दुसऱ्या भाषेतला तोच प्रश्न वाचा, कारण भाषांतरात ‘किमान’चं ‘कमाल’ झालेलं तिथे लगेच दिसतं.

कधी प्रश्न ठीक असतो आणि पर्यायच चुकलेले असतात. १९८२ साली अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेत असं घडलं. लहान वर्तुळाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश, ते मोठ्याभोवती घरंगळत मूळ जागी येतं, तर स्वतःभोवती किती फेरे होतात? पर्याय ३/२, ३, ६, ९/२ आणि ९ असे होते. काढणाऱ्यांनी परिघांचं गुणोत्तर घेऊन ३ धरलं होतं. पण लहान वर्तुळाची त्रिज्या १ धरली तर त्याचं केंद्र ४ त्रिज्येच्या वर्तुळावरून फिरतं, म्हणून खरं उत्तर ४. सुमारे तीन लाख मुलांनी ती परीक्षा दिली, तिघांनी चूक लेखी कळवली आणि तो प्रश्न गुणांतून वगळावा लागला. अशा वेळी परीक्षेच्या खोलीत एकच प्रश्न कामाचा असतो: काढणाऱ्याने कोणती सरळ वाट धरली असेल? इथे ती वाट ३ कडे जाते.

हे सगळं लगेच करत बसू नका. पहिल्या फेरीत शंका आली की प्रश्नावर खूण करून पुढे जा आणि उत्तरपत्रिकेवर त्या क्रमांकाची ओळ नीट रिकामी सोडा. ती ओळ चुकून भरली, तर पुढची सगळी बरोबर उत्तरं एकेक घर सरकतात. माझ्या एका विद्यार्थिनीची अशी अकरा उत्तरं गेली, आणि ज्या प्रश्नामुळे गेली तो एकाच गुणाचा होता. शेवटी वेळ उरला तर परत या. चुकीला गुण कापत असतील आणि मागून येऊनही एकही पर्याय वेगळा काढता आला नसेल, तर ओळ कोरीच राहू द्या.

कच्चं काम प्रश्नपत्रिकेवर करायची मुभा असेल आणि ती घरी नेता येत असेल, तर ‘कमाल क्षेत्रफळ १००, दिलेलं १२०’ एवढी एक ओळ प्रश्नाशेजारी लिहून ठेवा. उत्तरसूची आल्यावर आक्षेप नोंदवताना ‘माझं उत्तर पर्यायात नाही’ असं लिहू नका, हीच ओळ लिहा. तपासणाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायची गरज नसते, असा आयत होऊच शकत नाही एवढं त्याला दिसलं की पुरतं.