मनीच्या पाठीवरचा कोंडा

आमची मांजर मनी नऊ वर्षांची, वजन साडेसहा किलो. उन्हाळ्याच्या तोंडावर तिचे केस दरवर्षी गळतात, पण ते अंगभर सारखे, आणि खालची कातडी स्वच्छ असते. यंदा मात्र कंबरेपासून शेपटीच्या मुळापर्यंतच पांढरा कोंडा आणि केसांच्या गुठळ्या दिसल्या. मान-खांदे तुकतुकीत!

आधी पिसवांची शंका आली. बारीक फणीने विंचरून निघालेली घाण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर ठेवली. पिसवांची विष्ठा असती तर लालसर डाग उमटले असते, उमटले नाहीत. डॉक्टरांनी कोंडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्यात माइट, म्हणजे कातडीवर राहणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीवही नव्हते. मग त्यांनी विचारलं, "ही पाठीमागे चाटते का?" तेव्हा लक्षात आलं, तिची जीभ तिथवर पोचतच नव्हती. एक्स-रेमध्ये कंबरेचे सांधे झिजलेले निघाले, त्यात वजनाची भर.

सांधेदुखीचं औषध डॉक्टरांनीच दिलं. माणसाची गोळी देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं. खाणं काट्यावर मोजून देऊ लागलो आणि आठवड्याला सुमारे चाळीस ग्रॅमच वजन उतरू दिलं, कारण जाड मांजर अचानक उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचते. गुठळ्या कात्रीने कापल्या नाहीत, कातडी सहज कापली जाते. दवाखान्यात मशीनने काढून घेतल्या. रोज दोन मिनिटं मऊ ब्रश फिरवला.

सहा महिन्यांत मनी साडेपाच किलोवर आली. कोंडा गेलाय, आणि काल ती शेपटीचं मूळ स्वतः चाटताना दिसली.