सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: अ‍ॅडमिनच्या हातात काय आणि सभासदांच्या हातात काय

व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप तयार केला की तयार करणारा माणूस अ‍ॅडमिन होतो, पण सुरुवातीला बाकीच्यांनाही जवळपास तेवढीच मोकळीक असते. ग्रुपचे नाव कोणीही बदलू शकतो, मेसेज कोणीही टाकू शकतो आणि आपल्या ओळखीच्या माणसाला कोणीही आत आणू शकतो. घरच्या दहा माणसांच्या ग्रुपला याने काही बिघडत नाही. सोसायटीच्या ग्रुपला मात्र बिघडते, कारण तिथे पाणी कधी बंद आहे, मेंटेनन्स कधीपर्यंत भरायचा, सभा कधी आहे, हे सगळे त्याच ग्रुपवरून कळत असते.

समजा, 48 फ्लॅटची एक सोसायटी आहे. सेक्रेटरींनी ग्रुप काढला, मालक आणि भाडेकरू मिळून साठ-सत्तर माणसे आत आली. आता कुणाला काय करू द्यायचे ते ठरवू.

सेटिंग कुठे सापडते

ग्रुप उघडा आणि वर दिसणाऱ्या ग्रुपच्या नावावर टॅप करा. माहितीचे पान उघडेल. तिथे खाली सरकल्यावर Group permissions दिसते. हा पर्याय वापरता येतो तो अ‍ॅडमिनलाच, त्यामुळे तुम्हाला तो दिसत नसेल तर तुम्ही अ‍ॅडमिन नाही असे समजा. आत गेल्यावर सभासदांना काय करता येईल याची यादी आणि प्रत्येकासमोर एक बटण असते. आवृत्तीनुसार एखाददुसरी ओळ कमी-जास्त दिसेल, पण कामाच्या चार ओळी या: Edit group settings, Send new messages, Add other members आणि Approve new members. पहिल्या तीन सभासदांच्या मोकळिकीबद्दल आहेत, म्हणजे बटण बंद केले की ते काम फक्त अ‍ॅडमिनकडे राहते. चौथीचे उलटे आहे. ते बटण चालू केले की नव्या माणसाला आत यायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते.

ही चारही बटणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. ‘ग्रुपमध्ये फार गोंधळ होतो’ म्हणून सगळी एकदम बंद करणारे अ‍ॅडमिन पुष्कळ असतात. मग महिन्याभरात सभासदांचा दुसरा ग्रुप निघतो आणि कमिटीला त्यात काय चालले आहे ते कळतही नाही. म्हणून एकेक बटण त्याच्या कामाप्रमाणे बघायला हवे.

माहिती बदलण्याचा अधिकार: हा आधी बंद करा

Edit group settings म्हणजे फक्त नाव आणि फोटो असे बऱ्याच जणांना वाटते. प्रत्यक्षात ग्रुपचे वर्णन, मेसेज वर पिन करणे आणि मेसेज आपोआप गायब होण्याची मुदत, हे सगळे याच बटणाखाली येते. यातली शेवटची गोष्ट सर्वांत जपण्यासारखी आहे. हे बटण उघडे असेल तर कोणताही सभासद गायब होण्याची मुदत 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवस अशी लावू शकतो. तो बदल झाला हे सांगणारी छोटीशी पट्टी चॅटमध्ये येते, पण सकाळच्या ‘सुप्रभात’च्या गर्दीत ती कुणी पाहत नाही. त्यानंतर टाकलेली मेंटेनन्सची नोटीस आठवड्याने गेलेली असते आणि ‘आम्हाला कळवलेच नाही’ असे म्हणणाऱ्याला दाखवायला हातात काही उरत नाही. मुदत लावण्याआधीचे मेसेज मात्र जागच्या जागी राहतात. त्यामुळे जुने दिसतात आणि मधलेच गायब आहेत असे आढळले, तर आधी हीच मुदत तपासा.

हे बटण बंद केल्याने सभासदांचे बोलणे जराही थांबत नाही. म्हणून माझ्या मते कुटुंबाचे ग्रुप सोडले तर ते सगळीकडे बंदच असावे. बंद केल्यावर ग्रुपच्या वर्णनात कायम लागणारी माहिती लिहून ठेवा: सोसायटीच्या ऑफिसची वेळ, लिफ्ट दुरुस्तीवाल्याचा नंबर, बिल भरण्याची तारीख. नव्याने आलेल्या माणसाला त्याच्या आधीचे मेसेज आपोआप दिसत नाहीत, वर्णन मात्र दिसते. चालू कामाची नोटीस पिन करा. एका वेळी 3 मेसेज पिन करता येतात आणि प्रत्येकाला 24 तास, 7 दिवस किंवा 30 दिवस अशी मुदत देता येते.

मेसेज पाठवण्याचा अधिकार: बंद करायचा तर कुठे

Send new messages बंद केले की सभासदांच्या स्क्रीनवरची लिहायची जागाच जाते आणि तिथे फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात असे लिहून येते. ही सोय 2018 मध्ये आली आणि नोटिशीच्या ग्रुपसाठी ती उत्तम आहे. पण सोसायटीचा तो एकुलता एक ग्रुप असेल तर ती वापरू नका. चौथ्या मजल्यावर पाणी गळतेय हे सांगायला माणसाला जागा हवी. ती मिळाली नाही की तो अ‍ॅडमिनला रात्री अकराला फोन करतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

आपल्या 48 फ्लॅटच्या सोसायटीत दोन ग्रुप ठेवावेत. एक ‘सूचना’, ज्यात फक्त कमिटी लिहील. दुसरा ‘चर्चा’, ज्यात सगळे लिहितील. सूचनेच्या ग्रुपच्या वर्णनात चर्चेच्या ग्रुपचा उल्लेख करा, म्हणजे उत्तर द्यायचे कुठे ते कळेल. बटण बंद केल्यावर स्वतःच्या फोनवर बघून खात्री करू नका. अ‍ॅडमिनला लिहायची जागा नेहमीसारखीच दिसते. एखाद्या साध्या सभासदाचा फोन घेऊन बघा.

एकट्या माणसाचे तोंड बंद करण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नाही, हेही लक्षात ठेवा. रोज फॉरवर्ड टाकणाऱ्या एका काकांसाठी अ‍ॅडमिनपुढे तीनच वाटा आहेत: त्यांच्याशी बोलणे, त्यांचा मेसेज काढून टाकणे किंवा त्यांना ग्रुपमधून काढणे. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकण्याचा अधिकार अ‍ॅडमिनला 2022 मध्ये मिळाला. मेसेज दाबून धरा, डिलीट निवडा आणि सगळ्यांसाठी काढा. काढल्यावर त्या जागी कोणत्या अ‍ॅडमिनने तो काढला ते सगळ्यांना दिसते. सभासदाला सगळ्यांसाठी काढता येतो तो फक्त स्वतःचा मेसेज, आणि तोही पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळातच.

अ‍ॅडमिनच्या मर्यादेबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये दिलेला निकाल इथे सांगायलाच हवा. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातले होते. एका सभासदाने ग्रुपमधल्या महिलेबद्दल आक्षेपार्ह मेसेज टाकला आणि अ‍ॅडमिनने त्याला काढले नाही म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला. न्यायालयाने तो रद्द केला. मेसेज ग्रुपवर पडण्याआधी तो तपासण्याची ताकद अ‍ॅडमिनकडे नसते आणि दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजचा दोष अ‍ॅडमिनवर येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. त्यानंतर मेसेज काढण्याची सोय आली, पण आधी तपासण्याची सोय आजही नाही. म्हणून ‘अ‍ॅडमिन झालो तर जेलमध्ये जाईन’ या भीतीने जबाबदारी टाळू नका. आक्षेपार्ह काही दिसले तर मात्र लगेच काढा.

आत घेण्याचा अधिकार

ग्रुपमध्ये माणूस दोन वाटांनी येतो. कोणीतरी त्याचा नंबर घालून त्याला आत घेतो किंवा तो लिंकवरून येतो. Add other members बंद केले की नंबर घालण्याची वाट अ‍ॅडमिनपुरती राहते. लिंकचे तसे नाही. ती एकदा बाहेर पडली की पुढे पाठवली जाते आणि ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो. गेटवर चिकटवलेल्या कागदावर लिंकचा क्यूआर कोड असेल तर कुरिअरवालाही येऊ शकतो.

Approve new members हे बटण, म्हणजे 2023 मध्ये आलेली सोय, त्यासाठीच आहे. ते चालू असताना लिंकवर टॅप करणारा थेट आत येत नाही, त्याची विनंती अ‍ॅडमिनकडे थांबते. अ‍ॅडमिनला ती ग्रुपच्या माहितीच्या पानावर दिसते आणि तिथूनच होकार किंवा नकार देता येतो. अडचण एवढीच की नुसता नंबर आणि ‘Raju’ असे नाव बघून फ्लॅट कळत नाही. म्हणून लिंक पाठवतानाच लिहा: ‘विनंती पाठवल्यावर सेक्रेटरींना फ्लॅट नंबर आणि नाव कळवा.’ जो कळवणार नाही, त्याची विनंती तशीच राहू द्या. दोन दिवसांतून एकदा तरी विनंत्या पाहणारा अ‍ॅडमिन नसेल तर हे बटण चालू करू नका, कारण खरा भाडेकरू बाहेर ताटकळत राहतो. लिंक नको तिथे पसरली असे कळले तर अ‍ॅडमिनने ती रीसेट करावी. जुनी लिंक तत्क्षणी निकामी होते.

सभासदाच्या हातातही इथे एक किल्ली आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या Settings मध्ये Privacy आणि त्यात Groups येथे आपल्याला कोणी ग्रुपमध्ये घालावे ते ठरवता येते. ‘माझे कॉन्टॅक्ट’ निवडले असेल आणि अ‍ॅडमिनचा नंबर आपल्याकडे नसेल तर अ‍ॅडमिन आपल्याला थेट घालू शकत नाही. तो फक्त आमंत्रण पाठवू शकतो आणि ते 3 दिवसांत संपते. ‘मी तुम्हाला घातले होते, पण तुम्ही दिसत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते. शिवाय 2022 पासून ग्रुप सोडला तर ते फक्त अ‍ॅडमिनला कळते, सगळ्यांना जाहीर होत नाही.

अ‍ॅडमिन कोणाला करावे

अ‍ॅडमिनमध्ये लहान-मोठा नसतो. एकाला अ‍ॅडमिन केले की त्याला वरची सगळी बटणे मिळतात आणि तो दुसऱ्या अ‍ॅडमिनलाही साधा सभासद करू शकतो. म्हणून अध्यक्ष, सेक्रेटरी आणि खजिनदार एवढे पुरेत. एकटा अ‍ॅडमिन ठेवणेही बरे नाही. तो ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कोणालाही आपोआप अ‍ॅडमिन करते.

एक अ‍ॅडमिन दुसऱ्याला साधा सभासद करू शकतो, याला एक अपवाद आहे, आणि कमिटी बदलताना तोच आडवा येतो. ज्याने ग्रुप तयार केला त्याला दुसरे अ‍ॅडमिन काढू शकत नाहीत. तो स्वतः ग्रुप सोडेपर्यंत अ‍ॅडमिनच राहतो. जुन्या सेक्रेटरींनी फ्लॅट विकला आणि ते दुसऱ्या गावी गेले तर त्यांना फोन करून ग्रुप सोडायची विनंती करावी लागते. निरोपाच्या सभेतच हे करून घ्यावे. आधी नव्या सेक्रेटरींच्या नावावर दाबून धरून Make group admin करा, त्यांच्या फोनवर Group permissions उघडतेय का ते बघा, आणि मगच जुन्यांनी बाहेर पडावे. ते तयार नसतील तर नवा ग्रुप काढून सगळ्यांना तिकडे नेणे, एवढाच मार्ग उरतो.