ट्यूबलेस रेडियलमध्ये ट्यूब घालताय? टायरच्या या चुका टाळा

आजच्या जवळजवळ प्रत्येक कारला ट्यूबलेस रेडियल टायर असतात. तरी त्यांची निगा पुष्कळदा अॅम्बेसेडर-पद्मिनीच्या क्रॉस-प्लाय, ट्यूबवाल्या टायरच्या हिशेबाने राखली जाते.

डोळ्यांनी हवा मोजणे

क्रॉस-प्लायमध्ये दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात. त्यामुळे टायरची बाजू आणि रस्त्याला टेकणारा भाग, म्हणजे ट्रेड, एकाच जाळीने बांधलेले असतात. एक वाकला की दुसराही ओढला जातो. रेडियलमध्ये दोरे एका बीडपासून, म्हणजे रिमवर बसणाऱ्या टायरच्या कडेपासून, दुसऱ्या बीडपर्यंत सरळ आडवे जातात, आणि ट्रेडच्या खाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजू मोकळी लवचिक राहते, पट्ट्यांमुळे ट्रेड मात्र रस्त्यावर सपाट टेकतो. पकड, मायलेज आणि टायरचे आयुष्य वाढते ते यामुळेच.

याच लवचिकतेमुळे योग्य हवेतही रेडियल खाली थोडा फुगलेला दिसतो. ‘चाक बसलंय’ म्हणून ३२ पीएसआयच्या जागी ४० भरली की ट्रेड मधोमध झिजू लागतो आणि पकड कमी होते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा पाहा आणि टायर थंड असताना मोजा. लांब पळून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसले तर ती हवा काढू नका.

बाजूवर आडवी उथळ खाच दिसली तर सहसा घाबरायचे कारण नाही, तिथे आतल्या थराची दोन टोके एकमेकांवर जोडलेली असतात. बाहेर आलेला टेंगूळ मात्र दोरे तुटल्याची खूण आहे. तो टायर बदलायचाच.

हवा टिकत नाही म्हणून ट्यूब टाकणे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ट्यूबमध्ये खिळा गेला की रबर फाटते आणि हवा व्हॉल्व्हच्या भोकातून व रिमच्या कडेने काही क्षणांत बाहेर पडते. ट्यूबलेसच्या आतल्या बाजूला हवा धरून ठेवणारा ब्युटिल रबराचा थर असतो. तो खिळ्याला घट्ट धरतो, हवा हळूहळू जाते आणि गाडी सावकाश कडेला घेता येते. शिवाय ट्यूब-टायरमधले घर्षण आणि त्याची उष्णताही नाही. कारमधून ट्यूब गेली ती यासाठी.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब घातली की हा सगळा फायदा जातो. आतल्या बारीक रेषांवर ट्यूब घासते, मध्ये हवा अडकते, टायर तापतो. मुख्य म्हणजे गळतीचे कारण तसेच राहते.

ते कारण शोधायचे कसे? समजा, रविवारी चारही चाकांत ३२ भरली. पुढच्या रविवारी तीन चाकांत ३१ आणि एकात २६. चाक काढून साबणाचे पाणी आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर सोडा. बुडबुडा आला तर आतली पिन बदलली की काम झाले. नाही आला, तर व्हॉल्व्हचे बूड वाकवून पाहा, मग ट्रेड, आणि शेवटी रिमची कड दोन्ही बाजूंनी. जुन्या लोखंडी रिमवर बुडबुडे बहुधा कडेलाच येतात, कारण बीड बसते तिथे गंज धरलेला असतो. टायर उतरवून ती पट्टी तारेच्या ब्रशने साफ करा, बीड सीलर लावा, रबरी व्हॉल्व्ह नवा टाका. हवा भरताना बीड दोन्ही बाजूंनी ‘टॉक’ आवाज करून बसते. ४० पीएसआयपर्यंत बसली नाही तर आणखी हवा मारू नका. हवा सोडून बीडला पुन्हा वंगण लावा. रिम वाकली असेल तर मात्र ती बदला.

पंक्चर ट्रेडच्या मधल्या भागात आणि ६ मिमीपर्यंत असेल तरच काढा, तेही टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे भोक भरणारा दांडा असलेले छत्रीसारखे ठिगळ, लावून. बाहेरून घुसवलेली पट्टी घरी पोहोचण्यापुरती. पॅच लावताना आत रबराचा काळा चुरा सापडला तर गाडी बिनहवेची पळवली आहे आणि बाजू आतून खराब झाली आहे. असा टायर टाकून द्या.

जुन्या गाडीला दोनच रेडियल लावणे

जुन्या, ट्यूबसाठीच्या रिमला बीड अडवणारा उंचवटा बहुधा नसतो. तिथे रेडियल लावायचा तर ट्यूब लागतेच, पण रेडियलसाठीचीच आणि टायर बनवणाऱ्याने ट्यूबसह चालतो असे सांगितलेला टायर. पैशांअभावी दोनच घ्यायचे असतील तर ते मागच्या एक्सलला. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय असले की पुढची पकड वाढते, मागची तेवढीच राहते, आणि ओल्या वळणावर गाडीची शेपूट आधी सुटते. एकाच एक्सलवर दोन प्रकार तर कधीच नकोत.