गोळीचा अलार्म बंद करायचा आहे? आधी तो उशिरा लावून बघा

मला थायरॉइडची गोळी सुरू होऊन 2 वर्षं झाली. रोज सकाळी 6 ला फोन वाजतो, मी उठते, गोळी घेते, मग ब्रश, मग चहा. इतकं अंगवळणी पडलंय की आता अलार्मची गरजच काय असं मला वाटायला लागलं होतं, आणि नेमका तेव्हाच फोन बिघडला आणि 2 दिवस दुरुस्तीला गेला. दोन्ही दिवस गोळी राहिली. राहिली म्हणजे आठवणच आली नाही, तिसऱ्या दिवशी फोन परत आला, सकाळी वाजला, तेव्हा डोक्यात उजेड पडला.

म्हणजे 2 वर्षांत मला गोळी घ्यायची सवय लागलीच नव्हती, लागली होती ती फोन वाजला की हात पुढे करायची. अलार्म चालू आहे तोवर हा फरक आतून कळत नाही, कारण दोन्हीत रोज दिसतं तेच, गोळी वेळेवर पोटात. तेव्हा "आता आपोआप होतं" असं वाटलं म्हणून अलार्म उडवू नका, आधी खालची परीक्षा घ्या. आणि हो, इन्सुलिन, रक्त पातळ करायची गोळी, फिटची गोळी असलं काही असेल तर हा प्रयोगच नको, तिथे एक डोस चुकला तरी महागात पडतं, अलार्म राहू द्या. थायरॉइडच्या गोळीचा असर शरीरात बरेच दिवस टिकतो, त्यामुळे एखादा दिवस हुकला तर लगेच आभाळ कोसळत नाही, तरी मी डॉक्टरांना विचारून घेतलं, तुम्हीही विचारा.

पहिलं काम, गोळी कशानंतर घ्यायची ते ठरवा. घड्याळातली वेळ नको, रोज न चुकता होणारं एखादं काम पकडा. मी आधी चहा पकडला होता आणि तिथेच फसले, कारण ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते आणि चहा-नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. चहाचं आधण ठेवल्यावर आठवून काय उपयोग, मग एकतर चहा थांबणार नाहीतर गोळी. म्हणून चहाच्या बरंच आधीचं काम पाहिजे. मी ब्रश धरला. ब्रश करून स्वयंपाकघरात आले की ग्लासभर पाणी आणि गोळी, गॅस नंतर. डबी बाथरूममध्ये ठेवायचा मोह होतो पण ओल लागते, गॅसशेजारी ठेवली तर गरम होते, त्यामुळे माझी डबी माठाजवळच्या फळीवर आहे.

दुसरं, सात खणांची डबी आणा, मेडिकलमध्ये मिळते. तुमची गोळी मूळ पॅकिंगमधून काढून ठेवलेली चालते का ते तिथेच विचारा. रविवारी संध्याकाळी भरायची, पुढच्या रविवारी किती उरल्या ते बघायचं. आपल्या आठवणीवर अजिबात विसंबू नका. गंमत अशी की सवय जितकी पक्की तितकं ते काम लक्षात कमी राहतं, कुलूप लावलं का नाही हे जिन्यात आठवत नाही तसंच. मग "घेतली का नाही" या शंकेत माणूस दुसरी गोळी घेतो. खण रिकामा दिसला की विषय संपला. म्हणून अलार्म गेला तरी डबी ठेवायची, ती आठवण करून देत नाही, झालंय का नाही एवढंच सांगते.

आता मुख्य परीक्षा. अलार्म बंद नाही करायचा, अर्धा तास पुढे ढकलायचा. माझा 6 चा साडेसहाला केला. मी 6 च्या आसपास आपली उठतेच, म्हणजे फोन वाजायच्या आत गोळी झाली तर ती माझी, वाजल्यावर आठवली तर ती फोनची. कॅलेंडरवर त्या दिवशी बरोबर किंवा फुली. 14 दिवस केलं. नवीन जागेची सवय लागायला आधी महिनाभर जुन्या अलार्मवरच ब्रशनंतर गोळी घेतली होती, ते सांगायचं राहिलं.

14 पैकी 11 बरोबर, 3 फुल्या. आकडा सोडा, फुल्या कुठल्या दिवशी पडल्या ते बघा, खरी माहिती तिथे असते. माझ्या दोन फुल्या रविवारच्या होत्या. रविवारी आमच्याकडे सकाळी सकाळी मिसळीला बाहेर पडायचं असतं, नाशिककरांना वेगळं सांगायला नको, ब्रश झाला की थेट कपडे आणि गाडीची चावी, स्वयंपाकघरात पाऊलच नाही. तिसरी फुली माहेरी लासलगावला गेले तेव्हाची. म्हणजे साध्या दिवशी सवय पक्की होती आणि स्वयंपाकघर सुटलं की सवयही सुटत होती. फुल्या मंगळवार, गुरुवार अशा कुठेही विखुरलेल्या असत्या तर मी म्हटलं असतं की सवय लागलेलीच नाही, अजून महिनाभर अलार्म जुन्या वेळेवर. महिनाभरच का, असं विचाराल तर नक्की आकडा कुणालाच देता येत नाही. लंडनमध्ये 96 लोकांवर झालेला एक अभ्यास 2010 मध्ये छापून आला, त्यात सवय आपोआप व्हायला साधारण 66 दिवस लागतात असा अंदाज निघाला, पण माणसागणिक तो 18 पासून 254 पर्यंत गेला. त्यामुळे 21 दिवसांचं जे ऐकतो ते विसरा. त्याच अभ्यासात मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, तेव्हा एका फुलीने घाबरू नका.

मग शेवटचा टप्पा, सोमवार ते शनिवार अलार्म पूर्ण बंद, 3 आठवडे. इथे एक भानगड होते, घरची माणसं. सासूबाई रोज सकाळी प्रेमाने "गोळी घेतलीस का गं?" विचारायच्या, आणि हा पण अलार्मच झाला की! दोन दिवस तर त्यांनी विचारल्यावरच आठवलं, ते दिवस मी मोजलेच नाहीत. शेवटी म्हटलं, "आई, तीन आठवडे सकाळी काही विचारू नका, रात्री हवं तर डबी उघडून बघा." आमचे हे रात्री दिवा बंद करताना खण बघायचे, भरलेला दिसला तरच बोलायचं असं ठरलं. म्हणजे गोळी राहिलीच तर त्याच दिवशी कळतं आणि सकाळी कुणी आठवणही करून देत नाही. गोळी राहिली तर पुढे काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही.

पहिले दोन आठवडे एकही उरली नाही. तिसऱ्या आठवड्यात बुधवारची उरली, त्या दिवशी पहाटे पाहुणे आले आणि मी उठल्या उठल्या चहा टाकला. हे चालतं. साध्या दिवशी एकही चुकली नाही, हीच पास व्हायची अट. साध्या दिवशी दोन चुकल्या असत्या तर अलार्म परत साडेसहाला.

सोमवार ते शनिवारचा अलार्म आता काढून टाकलाय. रविवारचा ठेवलाय, आणि गावाला जायचं असलं की बॅग भरतानाच त्या दिवसांचे अलार्म लावते. महिन्यातून एकदा, रविवारी डबी भरताना बाटलीतल्या गोळ्या मोजते, दिवसांशी जुळल्या नाहीत तर दोन आठवडे परत साडेसहा. मागच्या महिन्यात एक जास्त निघाली. फळी साफ करताना डबी बरण्यांच्या मागे गेली होती.